कमी टीडीएसचा दाखला: क्लायंटकडे काय मागायचं आणि खात्याकडे काय

"माझ्या फीच्या प्रत्येक बिलातून दहा टक्के कापले जातात, पण वर्षाअखेरीला माझा कर तेवढा बसतच नाही. कमी कपातीचं सर्टिफिकेट क्लायंटकडे कसं मागू?" आर्किटेक्ट, इंजिनिअर, डॉक्टर, वकील, सल्लागार अशा स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांकडून हा प्रश्न मला दरवर्षी ऐकायला मिळतो. काही जण एवढ्यावर थांबत नाहीत. ते क्लायंटच्या अकाउंट्स विभागाला विनंतीचं पत्र लिहितात, नकार आला की नाराज होतात आणि वर्षभर दहा टक्के सोसत राहतात.

इथे एक मूळ गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी. कमी कपातीचा दाखला क्लायंट देऊ शकत नाही. तो आयकर खात्याचा टीडीएस अधिकारी देतो आणि त्यासाठी अर्ज तुम्हीच करायचा असतो. क्लायंटकडून तुम्हाला लागते ती थोडी माहिती, आणि दाखला आल्यावर त्याची अंमलबजावणी. एवढं समजलं की कुणाकडे काय मागायचं याचा गोंधळ राहत नाही.

क्लायंट नाही म्हणतो तेव्हा तो बरोबर असतो

या लेखातले कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक आर्थिक वर्ष 2025-26पर्यंत लागू असलेल्या आयकर अधिनियम 1961चे आहेत; नव्या अधिनियमातले बदल शेवटी दिले आहेत. त्यातल्या कलम 194जेनुसार व्यावसायिक फीवर दहा टक्के करकपात करणं कंपनीला, भागीदारी संस्थेला आणि ठरावीक मर्यादेपेक्षा मोठी उलाढाल असलेल्या व्यक्तीला बंधनकारक आहे. 1 एप्रिल 2025पासून एका क्लायंटकडून वर्षभरात मिळणारी फी 50,000 रुपयांच्या पुढे गेली की ही कपात सुरू होते. आधी ही मर्यादा 30,000 होती.

तुमच्या विनंतीवरून क्लायंटने आपणहून पाचच टक्के कापले, तर राहिलेल्या कराची वसुली त्याच्याकडून होऊ शकते, वर व्याज लागतं आणि त्या खर्चाचा काही भाग त्याच्या हिशेबात नामंजूरही होऊ शकतो. म्हणून तोंडी विनंतीवर किंवा साध्या पत्रावर कोणताही जबाबदार अकाउंटंट दर कमी करणार नाही.

फॉर्म 15जी किंवा 15एच भरून दिला की काम होईल, असंही अनेकांना वाटतं. बँकेत ठेवींच्या व्याजासाठी तो दिलेला असतो, म्हणून हा समज. पण व्यावसायिक फीला तो फॉर्म लागूच होत नाही. फीसाठी रस्ता एकच आहे, तो म्हणजे कलम 197खालचा दाखला आणि त्यासाठी फॉर्म 13चा अर्ज.

आधी हिशेब करा: अर्ज करण्याजोगी रक्कम अडकते का?

दाखल्याने कर माफ होत नाही. वर्षाचा कर जेवढा आहे तेवढाच राहतो. फक्त त्याहून जास्त कापला जाणारा पैसा वर्षभर तुमच्या हातात राहतो. म्हणून पहिला प्रश्न असा: यंदाचा अंदाजे कर आणि यंदा कापला जाणारा टीडीएस, यांत फरक किती?

एक उदाहरण घेऊ. कोल्हापुरात स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या एका आर्किटेक्ट बाई आहेत असं समजा. आर्थिक वर्ष 2025-26मध्ये त्यांची अपेक्षित फी, जीएसटी सोडून, 36 लाख रुपये आहे. त्यातले 18 लाख एका बांधकाम कंपनीकडून, 10 लाख एका कारखान्याकडून आणि उरलेले 8 लाख स्वतःचं घर बांधणाऱ्या कुटुंबांकडून येणार आहेत. कंपनी आणि कारखाना टीडीएस कापतात. घरमालक कापत नाहीत, कारण स्वतःच्या घरासाठी दिलेल्या अशा फीवर 194जेखाली व्यक्तीने कपात करायची नसते.

बाई कलम 44एडीएचा पर्याय घेतात, म्हणजे जमा फीच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवतात. उत्पन्न झालं 18 लाख. नव्या करप्रणालीत पहिल्या चार लाखांवर कर नाही, पुढच्या चार लाखांवर 5 टक्क्यांनी 20,000, त्यापुढच्या चारांवर 10 टक्क्यांनी 40,000, नंतरच्या चारांवर 15 टक्क्यांनी 60,000 आणि शेवटच्या दोन लाखांवर 20 टक्क्यांनी 40,000. बेरीज 1,60,000, त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे एकूण कर 1,66,400 रुपये.

कंपनी आणि कारखाना मिळून 28 लाखांवर दहा टक्क्यांनी कापणार 2,80,000. म्हणजे 1,13,600 रुपये जास्तीचे जाणार. मे 2025मध्ये कापलेले त्यातले पैसे 2026मध्ये विवरणपत्र भरल्यानंतर परत येणार. परताव्यावर महिना अर्धा टक्का व्याज मिळतं, पण विवरणपत्र मुदतीत भरलं असलं तरी ते आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या एप्रिलपासून. वर्षभर पैसा अडकला त्या काळाचं व्याज मिळत नाही.

या हिशेबातून एक गोष्ट लक्षात येते, ती मला फार महत्त्वाची वाटते. तुम्ही 44एडीएत असाल, नवी करप्रणाली घेतली असेल, दुसरं उत्पन्न नसेल आणि सगळी फी टीडीएस कापूनच मिळत असेल, तर दहा टक्के हा दर तुमच्या करापेक्षा नेहमीच जास्त असतो. फीची जमा 24 लाख असेल तर उत्पन्न 12 लाख आणि कर शून्य, तरी कापले जातात 2,40,000. अगदी 75 लाखांची कमाल मर्यादा गाठली तरी कर 7,33,200 होतो आणि टीडीएस 7,50,000. (ही 75 लाखांची मर्यादा रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तरच मिळते, नाहीतर 50 लाख.) जमा जितकी कमी, तितकी अडकणारी रक्कम मोठ्या प्रमाणात.

44एडीए न घेता प्रत्यक्ष खर्च दाखवणाऱ्यांची स्थिती याहून अवघड असू शकते. ऑफिसात सहा ड्राफ्ट्समन आहेत, भाडं आहे, सॉफ्टवेअरची वर्गणी आहे आणि शंभर रुपयांतले वीसच शिल्लक राहतात, अशा ठिकाणी दहा टक्के फीवर म्हणजे नफ्याच्या निम्मे. त्यांनी तर अर्ज टाळूच नये.

उलट पुढील परिस्थितीत अर्जाची खटपट करू नका:

- जास्तीची कपात दहा-पंधरा हजारांच्या आत आहे.
- नोकरीचा पगारही आहे आणि फीचं उत्पन्न वरच्या टप्प्यात जातं. इथे दहा टक्के बहुधा कमीच पडतात.
- वर्षाची बहुतेक बिलं होऊन गेली आहेत. दाखला मागच्या तारखेपासून लागू होत नाही.

क्लायंटकडून नेमकं काय हवं

तीन गोष्टी हव्यात: त्याचा टॅन, तो ज्या कलमाखाली कपात करतो ते कलम आणि यंदा तुम्हाला अंदाजे किती फी मिळेल तो आकडा.

टॅन म्हणजे कर कापणाऱ्याचा दहा अक्षरांचा क्रमांक. जुन्या क्लायंटचा टॅन मागावाही लागत नाही. तुमच्या फॉर्म 26एएसमध्ये किंवा त्याने दिलेल्या फॉर्म 16एवर तो छापलेला असतो. नव्या क्लायंटकडून मात्र आधीच मागून घ्या.

इथे एक गोष्ट बारकाईने बघा. मोठ्या कंपनीचे अनेक टॅन असू शकतात. मुंबईच्या मुख्य कार्यालयाचा `MUM`ने सुरू होणारा आणि पुण्याच्या शाखेचा `PNE`ने सुरू होणारा, असे वेगवेगळे. दाखला ज्या टॅनवर निघेल त्यालाच लागू होतो. करार मुंबईशी झाला, पैसे मात्र पुण्याच्या शाखेने दिले आणि दाखला मुंबईच्या टॅनवर, असं झालं तर त्याचा काहीही उपयोग नाही. म्हणून "तुमचा टॅन काय?" असं विचारू नका, "माझं बिल कोणत्या टॅनखाली बुक होतं?" असं विचारा.

कलमाचंही तसंच. 194जेमध्ये व्यावसायिक सेवांना दहा टक्के आणि तांत्रिक सेवांना दोन टक्के असे दोन दर आहेत. 26एएसमध्ये ते `194JB` आणि `194JA` असे वेगळे दिसतात. काही क्लायंट तुमचं काम कंत्राट समजून 194सीखालीही कापतात. मागच्या वर्षी काय दिसलं ते बघा आणि यंदाही तसंच राहणार का, हे विचारून घ्या.

अकाउंट्स विभागाला असं लिहिता येईल:

> नमस्कार. चालू आर्थिक वर्षासाठी मी आयकर खात्याकडे कमी करकपातीच्या दाखल्याचा अर्ज करत आहे. त्यासाठी कृपया पुढील माहिती कळवावी: (1) माझी बिलं ज्या टॅनखाली नोंदली जातात तो टॅन, (2) कपात कोणत्या कलमाखाली होते, (3) सध्याच्या वर्क ऑर्डरप्रमाणे 31 मार्चपर्यंत मला देय होणारी अंदाजे फी, जीएसटी वगळून. दाखला हाती येईपर्यंत कपात नेहमीच्या दरानेच करावी.

शेवटचं वाक्य मुद्दाम ठेवा. ते वाचलं की समोरच्याला आपल्यावर काही जबाबदारी येतेय अशी भीती राहत नाही आणि माहिती लवकर मिळते.

अर्ज कसा करायचा

अर्ज टीडीएसच्या ट्रेसेस पोर्टलवर, `www.tdscpc.gov.in` या ठिकाणी, ऑनलाइन होतो. तिथे करदाता म्हणून तुमच्या पॅनची नोंदणी करावी लागते. आयकर विवरणपत्राच्या पोर्टलवरचं खातं वेगळं आणि हे वेगळं, हे ध्यानात ठेवा. नोंदणी झाली की फॉर्म 13ची विनंती निवडून क्रमाने पुढे जायचं.

1. पॅन, पत्ता, आर्थिक वर्ष आणि यंदाच्या उत्पन्नाचा व कराचा अंदाज भरा.
2. मागच्या चार वर्षांचं उत्पन्न आणि कराचे आकडे भरा. ते विवरणपत्रांशी तंतोतंत जुळले पाहिजेत.
3. यंदा आतापर्यंत भरलेला आगाऊ कर आणि कापला गेलेला टीडीएस दाखवा.
4. क्लायंटनिहाय टॅन, कलम, अंदाजे रक्कम आणि मागितलेला दर भरा.
5. अंदाजाची मांडणी, विवरणपत्रांच्या प्रती, ताळेबंद असल्यास तो आणि वर्क ऑर्डर जोडा.
6. डिजिटल सही नसेल तर इलेक्ट्रॉनिक पडताळणी कोडनेही अर्ज दाखल करता येतो. मिळालेला विनंती क्रमांक जपून ठेवा.

अर्ज तुमच्या भागाच्या टीडीएस अधिकाऱ्याकडे जातो. अधिकाऱ्याला शंका असेल तर तो पोर्टलवरूनच खुलासा मागतो, आणि नेमकं इथेच कितीतरी अर्ज अडकून पडतात. अर्ज टाकून लोक निर्धास्त होतात आणि आलेली विचारणा महिनाभर उघडतही नाहीत. आठवड्यातून दोनदा लॉगिन करून स्थिती बघा. पूर्ण भरलेले अर्ज महिन्याभरात निकाली काढावेत अशा केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या सूचना आहेत. पण तुमचं उत्तर बाकी असेल तर उशिराची तक्रार करायला आधार राहत नाही.

अधिकारी कशाकडे बघतात

नियम 28एएमध्ये अधिकाऱ्याने काय तपासायचं ते सांगितलं आहे: यंदाच्या अंदाजे उत्पन्नावरचा कर, मागच्या चार वर्षांच्या उत्पन्नावरचा कर, आयकराची आधीची थकबाकी, आणि यंदा आतापर्यंत भरलेला व कापलेला कर. या चारांतून जो दर निघेल तो दिला जातो. तुम्ही मागितलेलाच दर मिळेल असं नाही.

यातल्या दोन बाबींवर अर्ज सर्वाधिक अडतात.

पहिली थकबाकी. अनेकांच्या नावावर चार-पाच वर्षांपूर्वीची छोटी मागणी पडून असते, कधी 2,300 रुपयांची, कधी टीडीएस न जुळल्यामुळे आलेली. आपल्याला आठवतही नसते, अधिकाऱ्याच्या पडद्यावर मात्र ती दिसते. अर्ज करण्याआधी विवरणपत्राच्या पोर्टलवर थकीत मागण्यांचं पान उघडा. मागणी मान्य असेल तर भरून टाका. मान्य नसेल तर तिथेच असहमती नोंदवा, कारण लिहा आणि पुरावा जोडा. त्या उत्तराची प्रत फॉर्म 13सोबत लावा.

दुसरी बाब म्हणजे यंदाचा अंदाज आणि मागची वर्षं यांचा मेळ. मागच्या तीन वर्षांत तुम्ही 65 टक्के नफा दाखवला असेल आणि यंदा अचानक 50 टक्के धरला असेल, तर कारण विचारलं जाणारच. ऑफिस भाड्याने घेतलं, दोन माणसं नेमली, मोठा क्लायंट सुटला, जे खरं असेल ते एका पानावर सरळ लिहा आणि कागद जोडा. जीएसटीच्या विवरणातली उलाढाल, 26एएसमधली फी आणि विवरणपत्रातली जमा हे तिन्ही आकडे समोरासमोर ठेवून फरकाचं कारणही आधीच द्या. माझा अनुभव असा की विचारण्याआधी दिलेलं असं एक पान दोन-तीन आठवडे वाचवतं.

याशिवाय पॅन आधारशी जोडलेला आहे ना, हे बघून घ्या. निष्क्रिय पॅनवर फीतून दहा नव्हे, वीस टक्के कपात होते. पॅन निष्क्रिय असेल तर आधी ते दुरुस्त करा, मगच दाखल्याचा विचार करा.

दाखला आला; आता तो नीट वाचा

आपल्या आर्किटेक्ट बाईंनी एप्रिलमध्ये अर्ज केला आणि मेच्या उत्तरार्धात दाखला आला असं धरू. तोवर कंपनीकडून 2 लाखांचं बिल होऊन 20,000 कापले गेले होते. कर 1,66,400, त्यातले 20,000 गेले, उरले 1,46,400. पुढे यायची टीडीएसपात्र फी 26 लाख. भागाकार केला तर 5.63 टक्के येतात. अधिकाऱ्याने 6 टक्के दर दिला. आता 26 लाखांवर 1,56,000 कापले जातील, आधीचे 20,000 धरून 1,76,000. परतावा उरला अवघा 9,600, आणि 1,04,000 रुपये वर्षभर त्यांच्याच खात्यात राहिले.

दाखल्यावर पाच गोष्टी तपासा: टॅन, कलम, दर, लागू होण्याची तारीख आणि रकमेची मर्यादा. मर्यादेकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. बाईंच्या दाखल्यात कंपनीसाठी 16 लाख आणि कारखान्यासाठी 10 लाख अशी मर्यादा असेल, तर कंपनीच्या सतराव्या लाखावर पुन्हा दहा टक्के लागतात. कंपनीचं काम वाढलं आणि कारखान्याचं कमी झालं, तरी एकाची उरलेली मर्यादा दुसऱ्याला वापरता येत नाही. मोठा फरक पडणार असेल तर वेळेत नवा अर्ज करा.

क्लायंटला प्रत पाठवताना नुसती जोडणी पाठवू नका:

> सोबत कमी करकपातीचा दाखला जोडला आहे. दाखला क्रमांक, आपला टॅन, दर आणि मर्यादा त्यात नमूद आहेत. कृपया ट्रेसेसवर त्याची पडताळणी करून पुढील बिलांपासून या दराने कपात करावी आणि तिमाही टीडीएस विवरणात दाखला क्रमांक नोंदवावा. बिलांच्या मूळ फीवरच कपात करावी. जीएसटी वेगळा दाखवलेला आहे.

दाखला क्रमांकाची नोंद ही क्लायंटच्या फायद्याची बाब आहे. तिमाही विवरण 26क्यूमध्ये तो क्रमांक लिहिला नाही किंवा चुकला, तर संगणकाला ती अपुरी कपात दिसते आणि क्लायंटला फरकाची मागणी जाते. मग तो वैतागून पुढच्या वर्षी "दाखला वगैरे नको" म्हणतो. म्हणून ही सूचना पहिल्याच ईमेलमध्ये द्या.

जीएसटीचं वाक्यही उगाच नाही. बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असेल तर त्यावर टीडीएस कापायचा नसतो, हे मंडळाच्या 2017च्या परिपत्रकात स्पष्ट आहे. तरीही काही ठिकाणी 1,18,000च्या पूर्ण रकमेवर कपात होते आणि दाखल्याची मर्यादा लवकर संपते.

बिलाची तारीख आणि दाखल्याची तारीख

टीडीएस पैसे देताना कापला जातो असा आपला समज असतो. नियम वेगळा आहे. क्लायंटच्या वहीत तुमच्या नावे रक्कम जमा होण्याची तारीख आणि पैसे देण्याची तारीख, यांत जी आधी येईल त्या दिवशी कपात होते. बिल 5 मे रोजी नोंदलं, दाखला 20 मेपासून लागू आणि पैसे जूनमध्ये आले, तर त्या बिलावर दहा टक्केच लागतील. यात क्लायंटची चूक नाही. दाखला आठ-दहा दिवसांत येईल असं दिसत असेल आणि कामाच्या टप्प्याप्रमाणे बिल थोडं पुढे नेणं शक्य असेल, तर तसं करा. काम पूर्ण होऊन बिल देय झालं असेल तर मात्र ते अडवून ठेवू नका.

दाखला असूनही दहा टक्के कापले तर

इथे कायदा तुमच्या बाजूने आहे. कलम 197च्या दुसऱ्या उपकलमानुसार दाखला रद्द होईपर्यंत क्लायंटने त्यातल्या दरानेच कपात *करायची* आहे. "आमच्या कंपनीची पॉलिसी दहा टक्क्यांची आहे" हे उत्तर टिकत नाही. शांतपणे, दाखल्याची प्रत जोडून, हे कलम ईमेलमध्ये लिहा. बहुतेक वेळा अकाउंट्समधल्या माणसाला नियमच माहीत नसतो, किंवा दाखला त्याच्यापर्यंत पोचलेलाच नसतो.

वेळ मात्र गाठावी लागते. कापलेला कर क्लायंटला पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत सरकारकडे भरायचा असतो, मार्चमधली कपात 30 एप्रिलपर्यंत. जुलैच्या बिलात जास्त कापलं गेलं हे तुम्ही ऑगस्टच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत दाखवून दिलंत, तर भरणा होण्याआधी फरक तुम्हाला परत मिळू शकतो. चलन भरलं गेलं की तो पैसा सरकारजमा झाला. मग क्लायंटशी भांडण्यात अर्थ नाही, तो विवरणपत्रातूनच परत येईल. म्हणून रक्कम खात्यात आली त्याच दिवशी बिलाशी ताडून बघा. 26एएसची वाट बघू नका, कारण तिमाही विवरण भरल्यानंतरच नोंद तिथे दिसते.

अर्ज नामंजूर झाला किंवा दर जास्त मिळाला तर

आधी कारण वाचा. थकबाकी, न भरलेलं विवरणपत्र किंवा अपुरा खुलासा असं कारण असेल तर ते दूर करून पुन्हा अर्ज करणं हाच सर्वांत जलद मार्ग. कारणच दिलं नसेल किंवा तुमचे कागद विचारातच घेतले नसतील, तर कलम 264खाली आयुक्तांकडे फेरतपासणीचा अर्ज करता येतो. त्यासाठी सनदी लेखापालाची मदत घ्या. त्यात वेळ जातो, म्हणून रक्कम मोठी असेल तरच त्या वाटेला जा.

दर कमी झाला, आगाऊ कर विसरू नका

दहा टक्के कापले जात असताना बहुतेकांना आगाऊ कर भरावाच लागत नव्हता, कारण टीडीएसच करापेक्षा जास्त असायचा. दाखल्यानंतर ही उशी पातळ होते. बाईंना डिसेंबरमध्ये घरमालकांकडून आणखी 4 लाखांचं काम मिळालं असं समजा. त्यावर टीडीएस नाही, उत्पन्न मात्र 2 लाखांनी वाढून 20 लाखांवर गेलं. जास्तीचा कर 20 टक्के आणि उपकर धरून 41,600. एकूण कर 2,08,000, टीडीएस 1,76,000, म्हणजे 32,000 कमी पडले. कापलेला टीडीएस वजा जाऊन उरणारा कर 10,000 किंवा त्याहून जास्त असेल तर आगाऊ कर लागतो. 44एडीएवाल्यांनी तो एका हप्त्यात 15 मार्चपर्यंत भरायचा असतो, इतरांना जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च असे चार हप्ते आहेत. चुकलं तर व्याज लागतं. डिसेंबर संपला की एकदा आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात एकदा, असा दोनदा हा हिशेब करा.

पुढच्या वर्षासाठी

दाखला फार तर 31 मार्चपर्यंत चालतो. 1 एप्रिलला क्लायंटचा संगणक पुन्हा दहा टक्क्यांवर जातो, आणि तसंच व्हायला हवं. म्हणून फेब्रुवारीतच टॅनची यादी, वर्क ऑर्डर आणि चार वर्षांची विवरणपत्रं एकत्र करून ठेवा.

1 एप्रिल 2026पासून आयकर अधिनियम 2025 लागू आहे, त्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले आहेत. करकपातीच्या तरतुदी आता कलम 393मध्ये आणि कमी कपातीचा दाखला कलम 395मध्ये आहे. क्लायंटला पत्र लिहिताना 2025-26पर्यंतच्या फीसाठी जुने क्रमांक आणि त्यानंतरच्या फीसाठी नवे क्रमांक लिहा. अर्जाचा फॉर्मही पोर्टलवर त्या वर्षासाठी दिसेल तोच भरा.